नवविवाहितांना आशीर्वादाचं पत्र: पहिल्यांदाच लिहायला बसलेल्या मोठ्या माणसांसाठी

वर्षानुवर्षं आपण पत्राच्या वरच्या ओळीत 'साष्टांग नमस्कार' लिहीत आलेलो असतो. मग एक दिवस भाचीचं किंवा पुतण्याचं लग्न होतं, घरातली आपल्याहून मोठी माणसं आता थोडीच उरलेली असतात, आणि कोणीतरी म्हणतं, "तुम्ही चार ओळी लिहा ना त्यांना." कागद पुढे घेतल्यावर कळतं की आता नमस्कार नाही, आशीर्वाद लिहायचा आहे, आणि तो कधी लिहिलेला नाही.

माझं असं पहिलं पत्र पुतण्याला होतं. दोन पानं भरून मनापासून लिहिलं. काही महिन्यांनी त्याची बायको मला म्हणाली, "काकू, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दर वेळी वाटलं, यातलं मला काय काय जमणार नाही." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. कच्चा कागद माझ्याकडे होता. काढून पाहिला तर त्यात 'समजून घ्यावं', 'मान राखावा', 'धीर धरावा' अशी अकरा वाक्यं होती आणि आशीर्वादाचं एकच, तेही शेवटी. प्रेमाच्या नावाखाली मी नियमावली पाठवली होती. त्यानंतर मी अशी बरीच पत्रं लिहिली आणि इतरांना लिहायला मदतही केली. चूक बहुतेक वेळा हीच होते, म्हणून हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

लिहिण्याआधी: दोन प्रसंग शोधा

कागद घेण्याआधी एखादा दिवस नुसतं आठवत राहा. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत. ज्याला किंवा जिला तुम्ही लहानपणापासून ओळखता, त्याचा एक प्रसंग आणि जो माणूस लग्नामुळे आपल्या घरात आला, त्याच्याबद्दल तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट.

प्रसंग म्हणजे गुण नव्हे. 'ऋचा लहानपणापासून कष्टाळू आहे' हे प्रशस्तिपत्रक झालं. ती कुठे बसली होती, हातात काय होतं, काय म्हणाली, हे डोळ्यांपुढे आलं पाहिजे. आणि तो निवडताना एवढं पाहा की जोडीदारासमोर मोठ्यानं वाचला तरी तिला मान खाली घालावी लागणार नाही. आजारपण, परीक्षेतलं अपयश, जाडी-बारीकपणा, जुनी स्थळं, भावंडांशी तुलना, यांतलं काहीही प्रेमानं सांगितलं तरी पत्रात नको. घरच्यांना तो किस्सा ऐकून हसू येतं, कारण तो ते शंभरदा ऐकून बसलेले असतात. नव्या माणसाच्या कानावर तो पहिल्यांदाच पडतो, आणि तोही लेखी.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. नव्या माणसाला तुम्ही एकदा-दोनदाच भेटलेले असता, मग बरेचजण 'निनादसारखा गुणी मुलगा मिळाला' असं लिहून मोकळे होतात. निनादला ते वाचून काहीच वाटत नाही, कारण ते कोणाबद्दलही लिहिता येतं. त्याऐवजी भेट आठवा. तो कोणाशेजारी बसला, कोणाला आधी विचारलं, निघताना काय केलं. अगदी छोटी गोष्ट पुरते. आपल्याला कोणीतरी नीट पाहिलं होतं, हे कळणं हाच त्या घरातला त्याचा पहिला आधार असतो. भेट झालीच नसेल तर मुलीला किंवा मुलाला आधी फोन करून विचारा, 'त्याचं तुला काय आवडलं ते एक सांग', आणि पत्रात तसंच लिहा: 'ऋचानं मला तुझ्याबद्दल सांगितलं की...' जे पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं लिहू नका.

उपदेश कुठे शिरतो, हे क्रियापद सांगतं

आता कच्चं लिहा, मनात येईल तसं. मग लाल पेन घेऊन प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारा. मराठीत उपदेश आणि आशीर्वाद यांतला फरक बहुतेक वेळा तिथेच असतो.

'समजून घ्यावं', 'जपावं', 'बोलू नये' ही रूपं कर्तव्य सांगतात. व्याकरणात त्याला विध्यर्थ म्हणतात. 'लाभो', 'राहो', 'मिळो', 'वाढो' ही रूपं मागणं मागतात. शाळेत आज्ञार्थाच्या धड्यात 'देव तुझे भले करो' हे वाक्य आशीर्वादाचं उदाहरण म्हणून शिकवलेलं आठवत असेल. या 'ओ'कारान्त वाक्यांत एक गंमत आहे. त्यांत काम त्या दोघांवर पडत नाही. 'तुम्ही एकमेकांचं मन जाणून घ्यावं' म्हटलं की करणारे तुम्ही, आणि चुकलात तर चूक तुमची. 'तुम्हाला एकमेकांचं मन कळत राहो' म्हटलं की ते दोघं घेणारे आहेत आणि मागणं तुमचं आहे. इच्छा तीच, पण ओझं कोणाच्या खांद्यावर गेलं ते बदललं.

याला एक अपवाद आहे. 'सुखी व्हा', 'आनंदात राहा', 'नांदा' ही सरळ आज्ञेची रूपं असूनही ते आशीर्वादच आहेत, कारण त्यांत काही करायला सांगितलेलं नाही. तसं असायला सांगितलं आहे. 'जपा', 'सांभाळा', 'लक्षात ठेवा' आलं की मात्र समजा, आपण पुन्हा उपदेशाकडे वळलो.

'आवं' किंवा 'नये' सापडलं की वाक्य लगेच खोडू नका. त्यामागे तुमचं काहीतरी खरं मागणं असतं. 'रागाच्या भरात बोलू नये' यामागे काय आहे? भांडण झालं तरी ते दोघं परत बोलायला लागावेत, एवढंच. मग लिहा: 'रुसवा आला तरी तो दुसऱ्या दिवशीपर्यंत न उरो.' काही वाक्यांचं असं रूपांतर होतच नाही. 'आईवडिलांचा मान राखावा' हे कसंही फिरवलं तरी सूचनाच राहतं. ते काढून टाका. खरंच सांगायचं असेल तर पुढे कधी समोर बसून सांगता येईल.

आणखी एक शब्द पाहा: 'पण'. 'हुशार आहे, पण थोडी हट्टी' यात आधी दिलेलं 'पण'नंतर काढून घेतलं जातं, आणि वाचणाऱ्याच्या लक्षात फक्त दुसरा भाग राहतो.

एक पत्र, आधी आणि नंतर

माझ्या भाचीच्या लग्नातला माझा पहिला कच्चा मजकूर असा होता. नावं बदलली आहेत.

'चि. निनाद व चि. सौ. कां. ऋचा यांस अनेक आशीर्वाद. तुमच्या विवाहाबद्दल हार्दिक अभिनंदन. संसार हा रथ असून पती-पत्नी ही त्याची दोन चाकं आहेत. ऋचा लहानपणापासून हुशार, पण थोडी हट्टी आहे, तरी निनादनं तिला समजून घ्यावं. एकमेकांच्या घरच्यांचा मान राखावा. रागाच्या भरात बोलू नये. लवकरच गोड बातमी कळवावी. तुमचं वैवाहिक जीवन सुखाचं होवो.'

पुतण्याच्या पत्रातून शिकल्यावरही हात पुन्हा त्याच वळणावर गेला, म्हणून ते इथे दाखवते आहे. यात ऋचाचं जे आहे ते तक्रारीच्या सुरात आहे. निनादचं काहीच नाही, त्याच्यावर फक्त काम सोपवलं आहे. रथाची दोन चाकं इतक्या पत्रांत येऊन गेली आहेत की वाचताना डोळा त्यावरून घसरतो. सगळ्यात जास्त खटकली ती 'गोड बातमी'. मूल कधी, किंवा हवं की नाही, हे त्या दोघांचं आहे. काहींना ते सहज होत नाही, आणि मग हेच पत्र कपाटातून हातात आलं की टोचतं. 'पाळणा हलू दे', 'अष्टपुत्रा' हे सगळं मी आता कटाक्षानं टाळते. 'अखंड सौभाग्यवती हो' हा आशीर्वाद एकटीला असतो आणि त्यात मागणं नवऱ्याच्या आयुष्याचं असतं. पत्र दोघांना असेल तर दीर्घायुष्य दोघांसाठी मागा.

शेवटी गेलेलं पत्र असं:

'चि. ऋचा आणि चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

ऋचा, तू नऊ वर्षांची असताना सुट्टीत आमच्याकडे आली होतीस आणि भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ खोलून बसलीस. मला वाटलं, आता हे केरात जाणार. जवळ येऊन पाहिलं तर तू खाली वर्तमानपत्र अंथरलं होतंस आणि काढलेल्या प्रत्येक स्क्रूभोवती पेनानं गोल करून आकडा घालत होतीस. घड्याळ काही चालू झालं नाही. पण एकही स्क्रू हरवला नाही, आणि तू ते जसंच्या तसं जोडून परत भिंतीवर लावलंस.

निनाद, आपण दोनदाच भेटलो. आप्पांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं हे तुला कोणी सांगितलं नव्हतं. तू थोड्या वेळात ओळखलंस, खुर्ची उचलून त्यांच्या उजव्या बाजूला ठेवलीस आणि आवाज न चढवता बोलत राहिलास. त्या संध्याकाळी आप्पा खूप दिवसांनी सगळ्यांच्या गप्पांत होते.

इतकं बारीक पाहणारी दोन माणसं एका घरात आली, याचा मला फार आनंद आहे. तुम्हाला एकमेकांचं बोलणं असंच न ओरडता ऐकू येत राहो. जे अडेल ते खोलून पाहायला तुम्हाला सवड मिळो, आणि त्यात काहीच न हरवो. तुमची कामं वाढोत, हसणं त्याहून वाढो. दोघांनाही उत्तम आरोग्य आणि दीर्घ आयुष्य लाभो.

सुखात राहा.

तुमची मावशी'

इथले आशीर्वाद आधीच्या दोन प्रसंगांतूनच आले आहेत, हे पाहा. घड्याळ आणि खुर्ची सापडल्यावर मला शेवटचा परिच्छेद लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. 'सुखी राहा'च्या पुढे काही सुचत नाही असं जे म्हणतात, त्यांचं बहुधा प्रसंगाचं काम अर्धवट राहिलेलं असतं. यात एक 'पण' आहे, तो खुशाल ठेवा. त्याच्यानंतर वाक्य वर जातं.

लांबीही साधारण एवढीच असू द्या, एका पानाची. मोठ्यानं वाचून पाहा. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर कुठेतरी उपदेश उरला आहे.

मायना, तू-तुम्ही आणि सही

'चि.' म्हणजे चिरंजीव. तो वयानं लहान असलेल्या कोणालाही चालतो, मुलीलाही. घोळ होतो तो 'सौ. कां.' मध्ये. सौभाग्याची आकांक्षा असलेली, म्हणजे जिचं लग्न व्हायचं आहे ती. आमंत्रणपत्रिकेवर ते बरोबर असतं, कारण ती लग्नाआधी वाटली जाते. लग्नानंतर पोचणाऱ्या पत्रात ते चुकतं. तिथे 'चि. सौ.' हवं. माझ्या पत्रात मी 'सौ.' घातलं नाही, कारण त्याला नवऱ्याच्या नावात जोड नाही आणि मला दोघांसाठी एकच शब्द हवा होता. काही मुलींना 'सौ.' मनापासून आवडतं, काहींना नाही. शंका असेल तर नुसतं 'चि.' किंवा 'प्रिय' लिहा. आडनाव लिहूच नका. तिनं ते बदललं आहे की नाही हे गृहीत धरण्यापेक्षा लिफाफ्यावर दोघांची पहिली नावं पुरतात.

'अनेक आशीर्वाद' किंवा 'अनेक उत्तम आशीर्वाद' यांतलं काहीही चालेल. नुसत्या 'शुभेच्छा' मात्र नकोत. शुभेच्छा मित्रही देतो, शेजारीही देतो. आशीर्वाद मोठ्यानं लहानाला द्यायचा असतो, आणि तुमच्याकडून तो शब्द अपेक्षित आहे.

समोर ज्याला 'तुम्ही' म्हणता त्याला पत्रात एकदम 'तू' लिहू नका, आणि उलटही नको. एकाला 'तू' आणि दुसऱ्याला 'तुम्ही' अशी अडचण झाली तर दोघांना मिळून लिहिलेली वाक्यं वाढवा. तिथे 'तुम्ही' आपोआप अनेकवचनी होतं.

सहीत नातं लिहा, आणि ते दोघांचं एकच असू द्या. 'ऋचाची मावशी' लिहिलं की निनाद बाहेर राहतो. 'तुमची मावशी' लिहिलं की तो आत येतो. खाली तारीख, वर्षासकट. ती आज निरुपयोगी वाटते, पण असं पत्र पुष्कळ वर्षांनी हाती लागतं तेव्हा लोक आधी तारीख शोधतात.

शुद्धलेखनात एकच शब्द नीट तपासा, कारण तोच सगळ्यात जास्त चुकतो: आशीर्वाद. 'शी' दीर्घ आणि रफार 'वा'वर.

अवघड पत्रं

मुलाचे किंवा मुलीचे आई-वडील हयात नसतील तर लिहावं की नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. माझं मत आहे, लिहावं. त्या दिवशी ते नाव प्रत्येकाच्या मनात असतं आणि कोणीच उच्चारत नाही. पण एकच वाक्य, पत्राच्या मध्यावर, आणि शक्यतो त्या माणसाची एखादी गोष्ट घेऊन: 'तुझ्या बाबांची खळखळून हसण्याची सवय तुझ्यात आली आहे, काल ती ऐकली आणि बरं वाटलं.' 'आज ते असते तर' अशी सुरुवात टाळा. ते वाक्य वाचणाऱ्याला रडवतं आणि मग पुढचा आशीर्वाद वाचलाच जात नाही. भावंडांपैकी कोणाला तरी आधी ते वाक्य वाचून दाखवा. ते गप्प झाले तर ठेवा, अस्वस्थ झाले तर काढा.

लग्नाला तुमचा विरोध होता आणि आता तो राहिला नाही, असंही होतं. अशा वेळी पत्र माफीचं होण्याचा धोका असतो. दोन परिच्छेद खुलासा केला की त्या दोघांवर तुम्हाला समजावण्याची जबाबदारी येते. एवढं पुरे: 'मी आधी जे बोललो त्याचं मला वाईट वाटतं. तुम्हाला माझे मनापासून आशीर्वाद आहेत.' पुढे लगेच प्रसंगाकडे वळा. बाकीचं बोलणं वेगळ्या दिवसासाठी ठेवा. आणि मनात अजून राग असेल तर पत्र थांबवा. अशा पत्रातला थंडपणा लपत नाही.

दोघांपैकी एकाला मराठी वाचता येत नसेल तर वाक्यं छोटी ठेवा आणि अनुवाद करून देणाऱ्याला अडेल असे वाक्प्रचार वगळा. घड्याळ आणि खुर्ची कोणत्याही भाषेत जाते, 'दोनाचे चार हात' जात नाही.

कागद आणि वेळ

गुळगुळीत, चकचकीत कार्डावर शाई लवकर वाळत नाही आणि घडी घालताना पुसते. साधा, थोडा खरखरीत कागद घ्या. आधी कच्च्यावर, मग पक्क्यावर. हात थरथरत असेल तर ओळींमध्ये जास्त जागा सोडा, छापून घेऊ नका. छापलेल्या पत्राखाली निदान शेवटचं वाक्य आणि सही तरी हातानं हवी.

भेटवस्तूच्या वेष्टनात पत्र कोंबू नका. वेष्टनं घाईत फाडली जातात आणि त्यांबरोबर कागदही टाकले जातात. लग्नाच्या दिवशी देण्यापेक्षा आठवड्याभरानं, घर शांत झाल्यावर पोचलेलं पत्र जास्त नीट वाचलं जातं. फोनवरच पाठवायचं असेल तर कुटुंबाच्या ग्रुपवर नको, दोघांना वेगळं पाठवा आणि मजकूर तीन-चार वाक्यांवर आणा: मायना, एका प्रसंगाचं एक वाक्य, एक 'ओ'कारान्त मागणं, नाव. फुलांची चित्रं आणि तयार कविता त्याखाली जोडू नका. त्या आधीच पन्नास आलेल्या असतात, आणि तुमचं वाक्य त्यांत हरवतं.

पाठवल्यावर 'मिळालं का, कसं वाटलं' असं विचारू नका. उत्तर कधी तरी येईल, किंवा येणार नाही.

आणि पाठवण्याआधी पत्राचा फोटो काढून ठेवा. धाकटीच्या लग्नात पुन्हा लिहायला बसाल तेव्हा तो समोर हवा. बहिणी एकमेकींची पत्रं शेजारी ठेवून वाचतात, आणि तेच मागणं शब्दाला शब्द दोघींना गेलेलं असेल तर ते त्यांच्या लगेच लक्षात येतं.